परिमेय राशीच्या केवलमूल्याचे समीकरण: शक्यता पाडणे आणि प्रत्येक उत्तर तपासणे

केवलमूल्याच्या चिन्हांत अपूर्णांक आहे, त्याच्या छेदात चल आहे आणि समीकरणाच्या उजव्या बाजूलाही चल आहे, असे उदाहरण समोर आले की बहुतेक विद्यार्थी दोन समीकरणे मांडतात, ती सोडवतात आणि मिळालेली सर्व मुळे उत्तर म्हणून लिहून मोकळे होतात. त्यांची बीजगणितातील एकही पायरी चुकलेली नसते, तरीही उत्तर चुकते. याचे कारण असे की सोडवताना आपण मूळ समीकरणाच्या जागी दुसरे, किंचित सैल समीकरण घेतो, आणि त्या सैल समीकरणाच्या काही उकली मूळ समीकरणाला लागू पडत नाहीत. ही सैलता नेमकी कोणत्या पायरीवर येते, हे एकाच उदाहरणात पुरते पाहू.

उदाहरण असे आहे:

|(3x² − 16x + 16) / (x² − 6x + 8)| = x

हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. यात चार संभाव्य उत्तरे मिळतात, त्यांपैकी दोन टिकतात आणि दोन बाद होतात. बाद होणाऱ्या दोघांची कारणे मात्र एकमेकांपेक्षा अगदी वेगळी आहेत.

आधी छेद, मग बाकीचे

कागदावर पहिली ओळ छेदाविषयीची असावी. छेदाचे अवयव पाडले तर x² − 6x + 8 = (x − 2)(x − 4) असे मिळते. म्हणजे x = 2 किंवा x = 4 असताना छेद शून्य होतो आणि डाव्या बाजूला काही अर्थच उरत नाही. म्हणून x ≠ 2 आणि x ≠ 4 ही अट अगदी सुरुवातीलाच लिहावी. ही ओळ नंतर लिहू म्हणून सोडली, तर पुढच्या पायरीत तिचा अर्धा भाग दिसेनासा होतो.

अंशाचेही अवयव पडतात: 3x² − 16x + 16 = (3x − 4)(x − 4). गुणून पाहिले तर 3x² − 12x − 4x + 16 मिळते, म्हणजे अवयव बरोबर आहेत. आता अंश आणि छेद या दोहोंत (x − 4) हा समान अवयव आहे. x ≠ 4 हे आधीच ठरलेले असल्यामुळे तो अवयव शून्य नाही, त्यामुळे तो काढून टाकता येतो:

|(3x − 4) / (x − 2)| = x, जेथे x ≠ 2 आणि x ≠ 4

या ओळीतील शेवटचे शब्द गाळले की घोटाळ्याला सुरुवात होते. नव्या छेदाकडे पाहून कोणालाही वाटेल की केवळ 2 ही संख्या वर्ज्य आहे, कारण 4 चा छेदाशी असलेला संबंध आता नजरेस पडत नाही. अवयव कागदावरून गेला तरी त्याने घातलेली बंदी जात नाही. म्हणून संक्षिप्त रूप लिहिताना मूळ बंदी प्रत्येक वेळी सोबत लिहावी, अशी सवय मी विद्यार्थ्यांना आग्रहाने लावतो.

उजव्या बाजूची अट

केवलमूल्य कधीही ऋण नसते. डावी बाजू केवलमूल्य आहे आणि ती x एवढी आहे, त्याअर्थी x ≥ 0 असलेच पाहिजे. ही अट समीकरण सोडवण्यापूर्वीच लिहिता येते आणि तिला एक ओळही पुरते.

उजवीकडे चलाऐवजी 5 सारखी धन संख्या असती, तर ही अट आपोआप पाळली गेली असती आणि केवळ छेदाची तपासणी पुरली असती. उजवीकडे −5 असते, तर एकही पायरी न करता उकल नाही असे लिहिता आले असते. शून्य असते, तर अंश शून्य करणाऱ्या किमती शोधून त्यांतून छेद शून्य करणाऱ्या वगळल्या असत्या. खरी अडचण उजवीकडे चल असलेली राशी आली की सुरू होते, कारण तिचे चिन्ह x च्या किमतीनुसार बदलते.

दोन शक्यता

एखाद्या राशीचे केवलमूल्य x असेल, तर ती राशी x तरी असते किंवा −x तरी. यातून दोन समीकरणे मिळतात.

पहिली शक्यता: (3x − 4)/(x − 2) = x. दोन्ही बाजूंना (x − 2) ने गुणले की

3x − 4 = x² − 2x

x² − 5x + 4 = 0

(x − 1)(x − 4) = 0

म्हणून x = 1 किंवा x = 4.

येथे एक शंका हमखास विचारली जाते. (x − 2) धन आहे की ऋण हे ठाऊक नसताना त्याने गुणावे कसे? ही काळजी असमानतेत योग्य असते, कारण ऋण संख्येने गुणल्यावर असमानतेचे चिन्ह फिरते. समीकरणात बरोबरचे चिन्ह फिरत नाही. त्यामुळे येथे गुणक शून्य नसावा एवढेच पाहायचे असते, आणि ते आपण x ≠ 2 असे लिहून आधीच पाहिले आहे.

दुसरी शक्यता: (3x − 4)/(x − 2) = −x. पुन्हा (x − 2) ने गुणले की

3x − 4 = −x² + 2x

x² + x − 4 = 0

याचे सोपे अवयव पडत नाहीत. सूत्र वापरले तर विवेचक 1 + 16 = 17 येतो आणि

x = (−1 + √17)/2 किंवा x = (−1 − √17)/2.

पुष्कळ जण ऋण चिन्ह उजव्या बाजूला न देता डाव्या बाजूला देतात. तेही चालते, पण ते चिन्ह संपूर्ण अपूर्णांकाचे आहे हे विसरता कामा नये. अंशाला आणि छेदाला अशा दोघांनाही ऋण केले, तर अपूर्णांक होता तसाच राहतो आणि दुसऱ्या शक्यतेच्या नावाखाली पहिलीच पुन्हा सोडवली जाते. ऋण चिन्ह केवळ अंशाला द्यायचे ठरवले, तर अंश कंसात हवा: −(3x − 4). कंस गाळून −3x − 4 लिहिले तर काय होते, ते पुढे पाहू, कारण ती चूक वाटते त्यापेक्षा घातक आहे.

चार उत्तरांची एकेक करून तपासणी

आता हाती चार संख्या आहेत: 1, 4, (−1 + √17)/2 आणि (−1 − √17)/2. तपासणी संक्षिप्त समीकरणात न करता मूळ समीकरणात करायची.

x = 1 घेतल्यास अंश 3 − 16 + 16 = 3 आणि छेद 1 − 6 + 8 = 3 येतो. भागाकार 1, त्याचे केवलमूल्य 1 आणि उजवी बाजूही 1. हे उत्तर टिकते.

x = 4 घेतल्यास अंश 48 − 64 + 16 = 0 आणि छेद 16 − 24 + 8 = 0 येतो. शून्याला शून्याने भागता येत नाही, म्हणून डाव्या बाजूला किंमतच नाही आणि 4 बाद होते. आता हीच संख्या संक्षिप्त समीकरणात घालून पाहा: (12 − 4)/(4 − 2) = 8/2 = 4, आणि उजवीकडेही 4. संक्षिप्त समीकरणात 4 निर्वेधपणे उत्तीर्ण होते, x ≥ 0 ही अटही पाळते, आणि तरीही ते मूळ समीकरणाचे उत्तर नाही. तपासणी मूळ समीकरणातच करावी असे सांगितले जाते, ते याच कारणासाठी.

x = (−1 − √17)/2 या संख्येसाठी लांब आकडेमोड करण्याची गरज नाही. √17 धन आहे, म्हणून −1 − √17 ऋण आहे, म्हणून x ऋण आहे, आणि x ≥ 0 ही अट तेथेच मोडते. पण ही संख्या मुळात आली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. तिची किंमत सुमारे −2.56 आहे. ती (3x − 4)/(x − 2) मध्ये घातली तर अंश आणि छेद दोन्ही ऋण येतात आणि भागाकार सुमारे +2.56 येतो. म्हणजे ‘राशी = −x’ हे समीकरण तिने खरोखर पाळले आहे, त्यात कोठेही चूक नाही. मात्र राशीचे केवलमूल्यही +2.56 आहे आणि उजवी बाजू −2.56 आहे, त्यामुळे मूळ समीकरण पाळले जात नाही. ‘राशी x आहे किंवा −x आहे’ एवढ्या विधानात x धन असावा ही अट नसते. दोन शक्यता पाडताना जी सैलता शिरते ती नेमकी हीच, आणि x ≥ 0 ही ओळ तिला आवर घालते.

x = (−1 + √17)/2 ही संख्या धन आहे, कारण √17 हे 4 पेक्षा मोठे आहे. ती 2 नाही आणि 4 ही नाही. तिची तपासणी वर्गमुळे न गुणताही करता येते. ही संख्या x² + x − 4 = 0 या समीकरणातून आली आहे, त्यामुळे तिच्यासाठी x² = 4 − x आहे. मग x(x − 2) = x² − 2x = 4 − x − 2x = 4 − 3x, म्हणजेच x(x − 2) = −(3x − 4). दोन्ही बाजूंना (x − 2) ने भागले की (3x − 4)/(x − 2) = −x मिळते. x धन असल्यामुळे याचे केवलमूल्य x आहे. x ≠ 4 असल्याने संक्षिप्त रूप आणि मूळ रूप येथे एकच आहे. हे उत्तर टिकते.

मूळ समीकरणाच्या उकली म्हणून x = 1 आणि x = (−1 + √17)/2 या दोनच.

कॅल्क्युलेटरने तपासताना

वर्गमूळ असलेले उत्तर कॅल्क्युलेटरवर तपासणे सोपे वाटते, परंतु येथे एक सापळा आहे. x = 1.56 घेतले तर अंश 3 × 1.56 − 4 = 0.68 आणि छेद 1.56 − 2 = −0.44 येतो. भागाकाराचे केवलमूल्य सुमारे 1.545 येते, तर उजवीकडे 1.56 आहे. फरक पाहून उत्तर चुकले असे वाटू शकते. प्रत्यक्षात अंश आणि छेद दोन्ही लहान आहेत, त्यामुळे x च्या तिसऱ्या दशांश स्थळी केलेली काटछाट भागाकारात कितीतरी मोठी होऊन दिसते.

अशा वेळी आणखी दशांश स्थळे घ्यावीत. x = 1.5616 घेतले तर अंश 0.6848 आणि छेद −0.4384 येतो, आणि भागाकाराचे केवलमूल्य 1.5620 च्या आसपास येते. फरक 0.015 वरून 0.0005 च्याही खाली उतरला. स्थळे वाढवल्यावर फरक घटत गेला तर तो काटछाटीचा असतो. उत्तरच चुकीचे असेल तर फरक शून्य नसलेल्या एखाद्या संख्येपाशी थबकतो आणि कितीही स्थळे घेतली तरी हलत नाही.

अंतराल पाडून तीच उकल

काही शिक्षक दुसरी रीत पसंत करतात. तिच्यात उजव्या बाजूचे चिन्ह न पाहता केवलमूल्याच्या आतील राशीचे चिन्ह पाहतात. (3x − 4)/(x − 2) चे चिन्ह बदलण्याची ठिकाणे दोनच: अंश शून्य होतो ते 4/3 आणि छेद शून्य होतो ते 2. x = 4 पाशी चिन्ह बदलत नाही, तेथे राशी फक्त अस्तित्वात नसते. अंश आणि छेद यांची चिन्हे स्वतंत्रपणे घेऊन चार शक्यता मांडण्याची गरज नाही, कारण भागाकाराला केवळ दोनच चिन्हे असू शकतात.

x ≤ 4/3 असताना किंवा x > 2 असताना राशी ऋण नसते, म्हणून तेथे पहिले वर्गसमीकरण लागू होते. त्याची मुळे 1 आणि 4. त्यांपैकी 1 हे 4/3 पेक्षा लहान असल्याने चालते. 4 हे 2 पेक्षा मोठे असल्याने अंतरालात बसते, पण छेदाच्या बंदीमुळे बाद होते. 4/3 आणि 2 यांच्या दरम्यान राशी ऋण असते, म्हणून तेथे दुसरे वर्गसमीकरण लागू होते. त्याच्या मुळांपैकी सुमारे 1.56 हे या अंतरालात आहे आणि सुमारे −2.56 हे नाही.

उत्तर तेच आले, पण −2.56 बाद होण्याचे कारण या वेळी वेगळ्या शब्दांत आले, आणि x ≥ 0 ही अट कोठे वापरावीही लागली नाही. तसे होणे साहजिक आहे, कारण राशी ऋण असलेल्या अंतरालात ‘राशी = −x’ मान्य केले की x धन असणे त्यातच येते. या दोन रीतींची सरमिसळ मात्र करू नये. पहिल्या रीतीत अट उजव्या बाजूची, दुसऱ्या रीतीत अट अंतरालाची. शक्यता पहिल्या रीतीने पाडायच्या आणि कोणतीच अट लावायची नाही, असे झाले की −2.56 उत्तरात शिरते. उजव्या बाजूचे चिन्ह सहज ठरवता येत असेल तर मी पहिली रीत वापरतो, कारण तिच्यात लिखाण कमी होते. उजवी बाजू गुंतागुंतीची असेल तर अंतराल पाडणे अधिक निर्धोक ठरते.

हरवलेले उत्तर कसे ओळखावे

आतापर्यंतच्या तपासणीने जास्तीची उत्तरे गाळली. पण हाती आलेलीच संख्या तपासता येते. जी हाती आलीच नाही, तिचा पत्ता अशा तपासणीला लागत नाही.

कंस गाळण्याची चूक आता पाहू. दुसऱ्या शक्यतेत −(3x − 4) ऐवजी −3x − 4 लिहिले तर समीकरण −3x − 4 = x² − 2x होते, म्हणजे x² + x + 4 = 0. याचा विवेचक 1 − 16 = −15, म्हणून वास्तव मुळे नाहीत. विद्यार्थी समाधानाने लिहितो की दुसऱ्या शक्यतेतून उत्तर नाही, 1 तपासतो, ते बरोबर निघते, 4 बाद करतो आणि एकच उत्तर देऊन थांबतो. त्याने केलेली प्रत्येक तपासणी बरोबर आहे, तरीही एक उत्तर गेले.

ते पकडण्याचा मार्ग आहे. प्रत्येक अंतरालाच्या टोकांपाशी दोन्ही बाजूंची तुलना करावी. x = 4/3 असताना डावी बाजू 0 आहे आणि उजवी 4/3, म्हणजे डावी लहान. x हा 2 च्या डावीकडून 2 कडे सरकू लागला की छेद शून्याकडे जातो आणि डावी बाजू वाटेल तेवढी मोठी होते, तर उजवी 2 च्या आसपासच राहते. मध्ये कोठेही खंड नाही. आधी लहान असलेली बाजू नंतर मोठी झाली, त्याअर्थी मध्ये कोठेतरी त्या समान झाल्याच असल्या पाहिजेत. म्हणजे 4/3 आणि 2 यांच्या दरम्यान एक उकल असणारच, आणि ‘दुसऱ्या शक्यतेतून उत्तर नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, हे कोणतेही वर्गसमीकरण पुन्हा न सोडवता समजते.

हीच तुलना 0 ते 4/3 या अंतरालात केली, तर x = 0 असताना डावी बाजू 2 आणि उजवी 0, तर 4/3 पाशी डावी 0 आणि उजवी 4/3. येथेही मध्ये कोठेतरी दोन्ही बाजू समान होणारच, आणि त्या x = 1 पाशी होतात. 2 च्या उजवीकडे डावी बाजू अतिशय मोठ्या किमतीपासून सुरू होते आणि x वाढत गेल्यावर 3 च्या जवळ येते, तर उजवी बाजू वाढतच राहते. तेथेही संक्षिप्त रूपाचा आलेख आणि x चा आलेख छेदतात, पण ते नेमके x = 4 पाशी छेदतात, जेथे मूळ राशीच्या आलेखाला एका बिंदूचे भोक आहे. आलेख काढणारी बहुतेक साधने हे भोक दाखवत नाहीत, त्यामुळे पडद्यावर तीन छेदनबिंदू दिसतात. आलेख कितीही मोठा करून पाहिला तरी ते भोक सहसा दिसणार नाही; मात्र मूळ राशीत x = 4 घालून किंमत मागितली, तर साधन संख्या देण्याऐवजी त्रुटी दाखवते.